इलेक्ट्रिसिटीच्या धड्याला चार तास: उजळणीच्या यादीला आकडे कसे द्यायचे

फेब्रुवारी लागला की दहावीच्या मुलांच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटतो. डावीकडे धड्यांची नावं, उजवीकडे रिकामे चौकोन. धडा वाचून झाला की चौकोनात बरोबरची खूण. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘सायन्स झालं गो?’ की मुलगी कागदाकडे बघून सांगते, ‘झालं.’ ती खोटं बोलत नसते, पानं खरोखरच वाचून झालेली असतात. पण उद्या सकाळी काय काढून बसायचं हे त्या खुणांवरून कळत नाही, कारण सगळ्या खुणा सारख्याच दिसतात. मग मुलं परत पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. केमिकल रिअ‍ॅक्शन्सची पानं मळतात आणि मागचे धडे पेपरच्या आदल्या रात्री उघडले जातात.

यावर आम्ही शिक्षक मंडळी सांगतो, की खुणेऐवजी आकडा लिहा. जो भाग पक्का त्याला मोठा आकडा, जो कच्चा त्याला लहान, आणि लहान आकड्याला जास्त वेळ. सांगायला एवढंच आहे. पण बहुतेकांची अशी यादी आठवड्याभरात निकामी होते, कारण आकडा मनाला वाटेल तसा दिलेला असतो, आणि स्वतःला किती येतं याबद्दलचं मनाचं मत फारसं भरवशाचं नसतं. म्हणून गोवा बोर्डाच्या दहावीच्या सायन्समधला ‘इलेक्ट्रिसिटी’ हा एकच धडा घेऊ आणि यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी चालते ते बघू. समजा, डिचोलीतल्या एका मुलीकडे या धड्यासाठी आठवड्यात चार तास आहेत. तिचीच यादी करू.

ओळ केवढी असावी

‘इलेक्ट्रिसिटी’ अशी एकच ओळ लिहिली तर तिला आकडा देता येत नाही. ओहमचा नियम पाठ आहे आणि पॅरलल सर्किट सुटत नाही, तर आकडा कुठला द्यायचा? मुलं मग मधला देतात, आणि मधला आकडा काहीच सांगत नाही. उलट प्रत्येक सूत्राला एक ओळ केली तर यादी दोन पानी होते आणि ती भरण्यातच संध्याकाळ जाते. मी एक साधा निकष वापरते. एखादा भाग येतो की नाही हे एका प्रश्नाने, दहा मिनिटांच्या आत कळत असेल, तर ती एक ओळ. त्यापेक्षा जास्त प्रश्न लागत असतील तर ओळ फोडायची.

या हिशेबाने धड्याच्या आठ ओळी होतात. करंट आणि पोटेन्शियल डिफरन्स यांच्या व्याख्या, ओहमचा नियम आणि त्याचा आलेख, तारेचा रेझिस्टन्स कशाकशावर अवलंबून असतो, सिरीज जोडणी, पॅरलल जोडणी, दोन्ही मिसळलेलं सर्किट, करंटमुळे निर्माण होणारी उष्णता, आणि शेवटी पॉवर व विजेची युनिट्स. सिरीज आणि पॅरलल पुस्तकात पाठोपाठ येतात, पण त्यांना एका ओळीत कोंबू नका. बहुतेक मुलांचं एक पक्कं असतं आणि दुसरं कच्चं.

आकडा म्हणजे नक्की काय

शून्य ते तीन, अशा चार पायऱ्या पुरतात. पाच पायऱ्या ठेवल्या की सगळे मधल्या पायरीवर जाऊन बसतात. चार ठेवल्या की मधली जागाच उरत नाही, इकडे किंवा तिकडे जावंच लागतं. मात्र प्रत्येक आकड्याला एक कृती जोडलेली हवी, भावना नव्हे. ‘जरा कच्चं आहे’ याचा अर्थ दर दिवशी बदलतो.

शून्य म्हणजे पुस्तक बंद असताना सुरुवातसुद्धा करता येत नाही. एक म्हणजे सुरुवात होते, पण मध्ये कुठेतरी पान उघडावं लागतं किंवा उत्तर चुकतं. दोन म्हणजे न बघता बरोबर येतं, पण वेळ लागतो, किंवा असंच का केलं हे सांगता येत नाही. तीन म्हणजे न बघता, वेळेत, आणि ‘का’ विचारलं तर उत्तर आहे.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली कितीतरी मुलं पाचवीपासून इंग्रजीतून शिकतात. रेझिस्टन्स म्हणजे काय हे ती मराठीत किंवा कोकणीत झकास समजावून सांगतात, आणि स्वतःला तीन देतात. पेपरात मात्र व्याख्या इंग्रजीत लिहायची असते आणि तिथे वाक्य अर्ध्यात अडतं. तेव्हा ज्या ओळीत व्याख्या किंवा कारण लिहायचं आहे, तिचा तीन हा इंग्रजीत कागदावर लिहून दाखवल्यावरच मिळतो. तोंडी आलं आणि लेखी अडलं तर दोन. गणितं सोडवण्याच्या ओळींना हा नियम लागत नाही.

आकडा कधी द्यायचा

सगळी यादी इथेच तरते किंवा बुडते. मुलं धडा वाचतात, पुस्तक मिटतात आणि लगेच आकडा लिहितात. त्या क्षणी सगळं ओळखीचं वाटत असतं, कारण ते नुकतंच डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आतून त्या अगदी सारख्या जाणवतात.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा वाचनाच्या चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 61 टक्के. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढची. आठवड्याने किती लक्षात राहील असं वाटतं, असं आधी विचारलं होतं, तेव्हा वाचणाऱ्यांनीच जास्त खात्री दाखवली होती. म्हणजे नुसतं वाचून आकडा दिला, तर जिथे कमी राहिलंय तिथेच मोठा आकडा पडतो, आणि यादी नेमकी उलट दिशेला नेते.

थोडा वेळ जाऊ दिला की हा अंदाज सुधारतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी 1991 मध्ये दाखवलं, की शब्दांच्या जोड्या पाठ केल्यावर ‘हे आठवेल का’ असं लगेच विचारलं तर उत्तर भोंगळ येतं. मधे इतर जोड्या होऊन गेल्यावर, नुसता पहिला शब्द दाखवून विचारलं, तर उत्तर बरंच नेमकं येतं. कारण सरळ आहे. वेळ गेल्यावर मनाला ती गोष्ट खरोखर शोधून काढावी लागते, आणि सापडली की नाही हे तिथल्या तिथे कळतं.

म्हणून नियम असा. रात्री वाचलं तर आकडा दुसऱ्या दिवशी, पुस्तक दप्तरात ठेवून, कोऱ्या कागदावर एक प्रश्न सोडवल्यावरच. सकाळी बसमधून शाळेत जाता जाता डोक्यातल्या डोक्यात दिलेला आकडा चालत नाही. डोक्यातल्या डोक्यात सगळी सर्किटं सुटतात.

दोन रकाने: आधी खात्री, मग निकाल

आता थोडी मेहनतीची पायरी. प्रश्न वाचल्यावर, सोडवण्याआधी, पहिल्या रकान्यात वाटेल तो आकडा लिहायचा. मग प्रश्न सोडवायचा, उत्तर तपासायचं, आणि दुसऱ्या रकान्यात खरा आकडा लिहायचा. वेळेचं वाटप दुसऱ्या रकान्यावरून होतं. मग पहिला कशाला? दोघांमधला फरक बघायला.

आपल्या मुलीची तिसरी ओळ घेऊ. प्रश्न असा: 8 ओहम रेझिस्टन्सची एक तार ओढून सारखी ताणली आणि तिची लांबी दुप्पट केली, तर नवा रेझिस्टन्स किती? तिने पहिल्या रकान्यात तीन लिहिलं. लांबी वाढली की रेझिस्टन्स वाढतो, हे तिला पक्कं माहीत आहे. उत्तर लिहिलं 16 ओहम, दहा सेकंदांत. बरोबर उत्तर आहे 32. तार ताणली की ती नुसती लांब होत नाही, बारीकही होते, कारण धातू तेवढाच आहे. लांबी दुप्पट झाली तर जाडीचं क्षेत्रफळ अर्धं होतं. लांबीमुळे दुप्पट, बारीक झाल्यामुळे आणखी दुप्पट, म्हणून चौपट.

तिचा पहिला रकाना तीन, दुसरा एक. पूर्ण यादीत याहून धोक्याची ओळ नाही. जिथे शून्याची खात्री आणि शून्याचा निकाल आहे, तिथे मुलगी निदान पुस्तक उघडणार आहे. इथे ती कधीच उघडणार नव्हती. पेपरातही परत तपासायला वळणार नव्हती, कारण शंकाच नाही. अशा ओळींना मी लाल पेनने गोल करायला सांगते, आणि यादीत लाल रंग फक्त याच कामासाठी. बाकी रंगीत पेनांचा मोह टाळावा. तीन तास कागद सजवून काहीच न सोडवलेली मुलं दर वर्षी भेटतात.

या लाल ओळींबद्दल एक बरी बातमी आणि एक वाईट. बरी अशी, की खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं आणि बरोबर उत्तर लगेच कळलं, तर ते एरवीपेक्षा जास्त घट्ट बसतं. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी 2001 मध्ये हे दाखवलं. धक्का बसतो, लक्ष जातं. वाईट अशी, की पुढच्या संशोधनात दिसलं, मधे सराव झाला नाही आणि बरोबर उत्तर विसरलं गेलं, तर आठवड्याभराने तीच जुनी खात्रीची चूक परत डोकं वर काढू शकते. तेव्हा 32 समजलं म्हणून लाल गोल पुसायचा नाही. दोन दिवसांनी उलटा प्रश्न घालायचा: तीच 8 ओहमची तार न ताणता दुमडून दुहेरी केली, तर रेझिस्टन्स किती? लांबी अर्धी, जाडीचं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे 2 ओहम. हे न बघता आलं तर गोल पुसा.

याच्या उलट जातीचीही मुलं असतात. दोन्ही रकाने बघितले तर पहिला सतत एक आणि दुसरा सतत तीन. ही मुलं येणाऱ्याच गोष्टी परत परत घोटतात. त्यांच्यासाठी पहिला रकाना आठवडाभर भरून नंतर बंद करावा आणि फक्त निकालावर चालावं.

चार तास कसे वाटायचे

निकालाच्या आकड्यासोबत आणखी एक आकडा लागतो, त्या ओळीचं वजन. जुने पेपर चाळून, ज्या भागावर वरचेवर आणि जास्त गुणांचे प्रश्न येतात त्याला तीन, क्वचित येतो त्याला एक, बाकीच्यांना दोन. हे अंदाजाचंच काम आहे, त्यावर फार वेळ घालवू नका. आपल्या सरांना किंवा टीचरना विचारलं तर त्या पाच मिनिटांत सांगतील. मुलीने पेपर चाळून दिलेली वजनं खाली आहेत. तुमची वेगळी असू शकतात.

हिशेब असा: चारातून निकालाचा आकडा वजा करायचा आणि उत्तराला वजनाने गुणायचं. तीनातून नव्हे, चारातून. तीनातून वजा केलं तर पक्क्या ओळीला शून्य वेळ मिळतो, आणि अजिबात न बघितलेली पक्की ओळ महिन्याभरात पक्की राहत नाही.

| ओळ | वजन | आधीची खात्री | निकाल | गुणाकार | मिनिटं |
|---|---|---|---|---|---|
| व्याख्या | 2 | 3 | 3 | 2 | 10 |
| ओहमचा नियम, आलेख | 2 | 2 | 2 | 4 | 20 |
| तारेचा रेझिस्टन्स | 3 | 3 | 1 | 9 | 45 |
| सिरीज | 2 | 3 | 3 | 2 | 10 |
| पॅरलल | 3 | 2 | 1 | 9 | 45 |
| मिश्र सर्किट | 3 | 0 | 0 | 12 | 60 |
| उष्णता | 2 | 2 | 2 | 4 | 20 |
| पॉवर, युनिट्स | 2 | 2 | 1 | 6 | 30 |

गुणाकारांची बेरीज 48. चार तास म्हणजे 240 मिनिटं. 240 ला 48 ने भागलं तर गुणाकारातल्या प्रत्येक एकाला पाच मिनिटं. शेवटचा रकाना त्यातून आला. तारेच्या ओळीला निकालाऐवजी तिच्या खात्रीचा तीन लावला असता, तर तिला साधारण सतरा मिनिटं मिळाली असती. दुसऱ्या रकान्याने तिथे 45 आणून ठेवली.

मोबाइलवर शीट करायची असेल तर वजन B मध्ये आणि निकाल D मध्ये ठेवून गुणाकाराच्या रकान्यात एवढंच टाका:

```
=B2*(4-D2)
```

वहीत केलं तरी काही बिघडत नाही. आठ गुणाकार आहेत, दहावीच्या मुलीला दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यात कच्चं, सगळ्यात आधी?

तक्ता बघून बहुतेक मुलं सरळ मिश्र सर्किटवर उडी घेतात. साठ मिनिटं तिथे लिहिली आहेत ना! पण साठ मिनिटं म्हणजे किती वेळ द्यायचा हे, कधी द्यायचा हे नव्हे.

एक मिश्र प्रश्न उलगडून बघू. 2 ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे 6 आणि 3 ओहमची पॅरलल जोडी, आणि 12 व्होल्टची बॅटरी. आधी पॅरलल जोडी सोडवायची: 1/6 अधिक 1/3 म्हणजे 1/2, म्हणून जोडीचा रेझिस्टन्स 2 ओहम. मग सिरीजने 2 अधिक 2, एकूण 4. करंट 12 भागिले 4, म्हणजे 3 अँपिअर. त्या 3 अँपिअरमुळे पहिल्या रेझिस्टरवर 6 व्होल्ट खर्च झाले, उरलेले 6 जोडीवर. तेव्हा 6 ओहममधून 1 अँपिअर, 3 ओहममधून 2. बेरीज परत 3, म्हणजे उत्तर जुळलं.

यातली पहिलीच पायरी पॅरललची आहे. आपली मुलगी तिथेच अडते. तिच्या वहीत 1/6 अधिक 1/3 झाल्यावर 1/2 आलं आणि तेच उत्तर म्हणून लिहिलं गेलं, उलटं करायचं राहिलं. पॅरललचा आकडा एकावरून दोनवर येत नाही तोवर मिश्र सर्किटला दिलेला प्रत्येक तास वाया जाणार आहे. म्हणून क्रम: सोमवारी आणि मंगळवारी पॅरलल, बुधवारपासून मिश्र, तेही साठ मिनिटं एका बैठकीत नव्हे तर वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठकांत, वेगवेगळ्या दिवशी.

उलटं करायला विसरण्यावर एक तपासणी आहे, ती ओळीच्या शेजारी लिहून ठेवावी. पॅरलल जोडीचं उत्तर नेहमी त्यातल्या सर्वांत लहान रेझिस्टरपेक्षा लहान येतं. पण इथे तेवढं पुरत नाही, कारण 1/2 सुद्धा 3 पेक्षा लहानच आहे. म्हणून दुसरी तपासणी: दोनच रेझिस्टर असतील तर उत्तर लहान रेझिस्टरच्या निम्म्याहून कमी येऊच शकत नाही. 3 चं निम्मं दीड, आणि अर्धा ओहम दीडपेक्षा कमी, म्हणजे चूक. तिने हे स्वतः पकडलं, तर ‘का’ कळल्याचा पुरावा तोच.

आता समजा, दोन बैठका झाल्या तरी एखादी ओळ शून्यावरून हललीच नाही. तेव्हा सूत्राला चिकटून राहू नये. त्या ओळीचा जास्तीचा वेळ काढून एक आणि दोनवाल्या ओळींना द्यावा आणि अडलेली ओळ कुणाला तरी विचारावी. अभ्यासाला वेळ कमी असेल तर अर्धवट येणाऱ्या गोष्टींवर घातलेला वेळ अजिबात न येणाऱ्यांपेक्षा जास्त फळतो, असं मेटकाफ यांच्या कामातून दिसतं. बऱ्याचदा शून्याचं मूळ त्या धड्यात नसतंच. पॅरलल न सुटणाऱ्या मुलांपैकी काहींना अपूर्णांकांची बेरीजच येत नसते: 1/6 अधिक 1/3 म्हणजे 2/9, असं लिहून मोकळी होतात. अशा मुलाला सायन्सच्या ट्युशनला पाठवून उपयोग नाही. त्याच्या यादीत ‘अपूर्णांकांची बेरीज’ ही नववी ओळ घाला, पंधरा मिनिटांत काम होतं.

पॉवर आणि युनिट्सच्या ओळीतली चूक वेगळ्या जातीची. 2 किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास, 30 दिवस चालवला तर किती युनिट्स? 2 गुणिले 0.5 गुणिले 30, उत्तर 30 युनिट्स. मुलीने किलोवॉटचे 2000 वॉट केले आणि उत्तर लिहिलं 30,000. इथे समज कच्ची नाही, परिमाण चुकलं आहे. वीजखात्याचं घरचं बिल काढून शेजारी ठेवलं की चूक दिसते, कारण एका गीझरला तीस हजार युनिट्स लागणारं घर गोव्यात नसावं. अशा चुकीला तीस मिनिटं लागणार नाहीत. एका बैठकीत सुधारली तर उरलेला वेळ तारेच्या लाल ओळीला.

दुसऱ्या सोमवारी

आठवड्याने सगळ्या आठ ओळींची परत चाचणी, नवे प्रश्न घेऊन. तेच प्रश्न घेतले तर उत्तर आठवतं, रीत नव्हे. आणि ओळींचा क्रम विस्कटून, म्हणजे आधी पॉवर, मग सिरीज, मग तार. धड्याच्या क्रमाने सोडवलं की कुठलं सूत्र लावायचं ते शीर्षकच सांगतं. पेपरात शीर्षक नसतं.

आपल्या मुलीचं काय होईल? तार एकवरून दोनवर, पॅरलल दोनवर, मिश्र शून्यावरून एकवर. मिश्रला साठ मिनिटं देऊन एकच पायरी, म्हणून तोंड पाडायचं कारण नाही, ती ओळ पॅरललच्या मागून चालते. पण सिरीज तीनवरून दोनवर घसरली, हे बघून ती नक्की वैतागेल. आठवडाभर पॅरलल घोटल्यावर विस्कटलेल्या क्रमात सिरीजचा प्रश्न आला आणि तिने तिथेही 1/R ची बेरीज केली. ही घसरण खरी आहे आणि उपयोगाची आहे. आधीचा तीन खोटा नव्हता, पण तो सिरीज एकटी असतानाचा होता. आता दोन्हींतून निवड करायची वेळ आली तेव्हा गोंधळ उघडा पडला. तिला सिरीजची दहा गणितं देऊन उपयोग नाही. फक्त आकृत्या द्या, दहा-बारा, आणि सोडवायला न लावता विचारा: ही सिरीज की पॅरलल, आणि कशावरून? करंटला एकच वाट आहे की फाटे फुटतात, एवढं बघायला शिकली की झालं.

घसरलेला आकडा लपवायचा मोह इथेच होतो, आणि त्याला बऱ्याचदा घरचे कारण असतात. कागद भिंतीवर आहे, बाबा येता-जाता बघतात, ‘मागच्या आठवड्यात तीन होतं ना?’ म्हणतात, की पुढच्या आठवड्यात तीनच राहतं, काहीही झालं तरी. यादी मुलांच्या वहीत असावी, भिंतीवर नको. पालकांना बघायचंच असेल तर त्यांनी आकडा बघू नये, चाचणीचा कागद मागावा. ज्या आकड्यामागे सोडवलेला कागद नाही, तो आकडा खोडावा.

नवे आकडे आले की परत गुणाकार, परत वाटप. वेळ कमी झालेला असतो, कारण आता बाकीचे धडेही रांगेत उभे असतात, आणि कॅलेंडर उलटलं की वाड्यावाड्यांवर शिगम्याचे ढोल सुरू होतात. ज्या घरात मांडाचा आवाज थेट खोलीत येतो, तिथे संध्याकाळी नवी, शून्यावरची ओळ काढू नये. संध्याकाळ तीनवाल्या ओळींच्या दहा-दहा मिनिटांसाठी ठेवावी आणि मिश्र सर्किट पहाटे.

पेपरला तीन-चार दिवस उरले की गुणाकार बंद करायचा. अजून शून्यावर असलेली, वजन एकची ओळ असेल तर तिच्यावर काट मारा, तिच्या मागे लागलं तर दुसऱ्या दोन ओळी निसटतील. वजन तीनची ओळ शून्यावर असेल तर निदान तिच्या पहिल्या पायऱ्या येऊ द्या: मिश्र सर्किटमध्ये पॅरलल जोडी सोडवून एकूण रेझिस्टन्सपर्यंत पोचलं तरी पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. आदल्या रात्री फक्त लाल गोल होते त्या ओळी, पुसलेले धरून. प्रत्येकीचा एक प्रश्न, कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद. चुकला तर उत्तर बघून तोच प्रश्न सकाळी निघायच्या आधी एकदा परत.